अ‍ॅनिमॅटिकमध्ये वेळेचं गणित कुठे बिघडतं? या चुका टाळा

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासह, ठरलेल्या वेळेत चालवून बघायचा कच्चा व्हिडिओ. तो करताना स्टोरीबोर्डची पॅनेल्स टाइमलाइनवर ओळीने लावायची, प्रत्येकाला दोन-दोन सेकंद द्यायचे आणि खाली संगीत टाकायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. यातून स्लाइड-शो तयार होतो. सीन रखडतोय की घाईत उरकतोय, हे त्यावरून कळत नाही.

एक छोटा सीन घेऊ. मुलगा चोरपावलांनी लाडवाच्या डब्यापर्यंत जातो, झाकण उघडतो आणि मागून आजी विचारते, "हात धुतलेस का?"

सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर साध्या चालण्यात एका पावलाला साधारण 12 फ्रेम लागतात. चोरपावलाला सहज 24. म्हणजे चार पावलांना चार सेकंद हवेत. पण एकच स्थिर चित्र चार सेकंद पाहताना कंटाळा येतो, म्हणून आपण ते दीड सेकंदावर आणतो. इथेच घात होतो. अ‍ॅनिमेटरच्या हाती पावलामागे फक्त 9 फ्रेम येतात आणि मुलगा दबकत जाण्याऐवजी लगबगीने निघतो. वेळ कापू नका, चित्रं वाढवा: पाय उचललेला, पाय टेकलेला, मध्येच थबकून घेतलेला कानोसा. कच्ची रेघ पुरे. वेळेचा अंदाज मनाने बांधू नका. स्टॉपवॉच लावून स्वतः तसं चालून बघा.

तात्पुरता आवाज रेकॉर्ड करतानाही वाक्य नुसतं वाचून मोकळं होऊ नका. आजीचा सूर हवा, आणि त्याहून महत्त्वाची तिच्या आधीची शांतता. झाकणाचा आवाज झाल्यावर 12, 24 आणि 36 फ्रेम थांबून तीन आवृत्त्या करा. गंमत कुठे खुलते ते ऐकल्यावरच कळतं. तिचं वाक्य संपताक्षणी कट मारू नका. मुलाचा चेहरा दिसायला किमान अर्धा सेकंद तरी लागतोच.

माझं ठाम मत आहे की पहिल्या फेरीत संगीत नकोच. चांगली चाल ढिला सीनसुद्धा ओढून नेते आणि दोष झाकला जातो.

आवाज आणि चित्र जुळत नसेल, तर आधी चूक कशी वाढते ते बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल, तर ध्वनिपट्टी सरकली आहे. सुरुवात बरोबर आणि पुढे फरक वाढत गेला, तर फ्रेम-रेट तपासा. 24 ने बांधलेल्या एका मिनिटाच्या 1440 फ्रेम 25 ने चालवल्या, तर चित्र 57.6 सेकंदांतच संपतं. प्रोजेक्ट, एक्स्पोर्ट आणि पुढचं अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा.

शेवटी स्टोरीबोर्ड न पाहिलेल्या माणसाला दाखवा, मध्ये काही समजावू नका. पडद्यावर फ्रेम क्रमांक छापलेला असू द्या, म्हणजे तो जिथे गोंधळला किंवा चुळबुळला तो आकडा लगेच टिपता येईल.