जॅकेटला कात्री लावायच्या आधी: खिसे, चेन, बटणं, हुक, टॉगल यांची तयारी

कापड आलं, पॅटर्न आला, की हात शिवशिवतात आणि आपण थेट कापायला बसतो, बटणं-बिटणं नंतर बघू म्हणतो. जॅकेटच्या बाबतीत हे चालत नाही, कारण पुढचा भाग किती रुंद कापायचा हेच मुळी समोर काय लावणार त्यावर ठरतं. म्हणून ही तयारी कापायच्या आधीची आहे. उदाहरणाला एकच जॅकेट घेते, मांडीपर्यंत येणारं, थोडं सैल, पुढून गळ्यापासून खालच्या कडेपर्यंत 70 सेंमी. सगळे आकडे या जॅकेटचे आहेत, तुमच्या मापाला ते बदलतील पण रीत तीच.

पहिलं काम, पुढच्या भागावर मध्यरेषा खडूने आखून घ्या, आणि तिच्यावर छातीचा सगळ्यात भरलेला भाग कुठे येतो आणि कंबर कुठे येते त्या दोन खुणा करा. आपल्या जॅकेटात छाती गळ्यापासून 20 सेंमीवर आणि कंबर 36 वर आहे असं धरू. बटणं लावायची असतील तर छातीवर एक बटण यायलाच पाहिजे, कारण उघडं पडतं ते तिथेच, दोन बटणांच्या मध्ये छाती आली की फट पडते आणि मग माणूस दिवसभर जॅकेट ओढत बसतो. तर वरचं बटण गळ्याच्या कडेपासून 2 सेंमीवर, छातीचं 20 वर, मधलं अंतर 18, त्याचे दोन भाग केले की 9. आता 9-9 नं खाली यायचं: 2, 11, 20, 29, 38, 47, 56. सात बटणं झाली आणि शेवटचं कडेपासून 14 सेंमी वर राहिलं, ते तसंच हवं, अगदी कडेपर्यंत बटण नेलं तर बसताना आणि पायऱ्या चढताना खालचा भाग ओढला जातो. कमरेवर पट्टा बांधायचा असेल तर 38 वालं बटण बकलाखाली दबतं, मग एकतर पट्टा सोडा नाहीतर छातीचं बटण जागेवर ठेवून बाकीची ओळ थोडी सरकवा.

आता दिसण्याचं. सात बटणं 20 मिमीची घेतली तर समोर एक बारीक उभी रेघ दिसते, माणूस उंच आणि जरा शिस्तीत वाटतो. तीच रांग एकाआड एक ठेवली, म्हणजे 2, 20, 38 आणि 56, तर चारच बटणं राहतात आणि मग ती 28 मिमीची मोठी घ्यावी लागतात, लहान बटणं इतक्या लांब लांब ठेवली की अर्धी तुटून पडलीत असं वाटतं. मोठ्या चार बटणांनी जॅकेट निवांत, ढगळ दिसतं, नजर एकेका बटणावर थांबते. पण 18 सेंमीच्या मधे कापड फुगणार, म्हणून 11 आणि 29 वर आतून टिचबटण लावा, बाहेर काही दिसत नाही आणि फट पडत नाही. मला स्वतःला हाच प्रकार जास्त आवडतो, काजं कमी करावी लागतात हेही एक कारण आहेच.

बटणाचा आकार ठरला की मगच पुढची कड ठरते. मध्यरेषेपासून बाहेर साधारण बटणाच्या व्यासाइतकं कापड हवं, हीच ओलांडणी, म्हणजे 20 मिमीच्या बटणाला 2 सेंमी, 28 ला जवळपास 3, आणि त्यापुढे शिलाईची माया वेगळी. बघा, इथे एक सेंमीचा फरक पडला, कापल्यावर मन बदललं आणि मोठी बटणं आणली तर ती कडेच्या बाहेर लटकल्यासारखी दिसतात. दुकानात बटणाचा आकार लीन या मापात सांगतात, 40 लीन म्हणजे एक इंच, त्यामुळे 32 लीन म्हटलं की आपलं 20 मिमीचं बटण आणि 44 म्हणजे 28 चं. काजाची लांबी बटणाच्या व्यासावर नाही तर व्यास अधिक जाडीवर. 20 मिमीचं बटण 4 मिमी जाड असेल तर काज 24 मिमी. बटण घुमटासारखं असेल तर कागदाची पट्टी त्याच्याभोवती गुंडाळा, मापा आणि निम्मं करा, बरोबर काज निघतं. जॅकेटला काजं आडवी घ्या आणि ती मध्यरेषेच्या 3 मिमी बाहेर, कडेच्या बाजूला सुरू करा, कारण ताण आला की बटण काजाच्या टोकाला जाऊन थांबतं आणि तेव्हा ते बरोबर मध्यरेषेवर यायला हवं. उभ्या काजात बटण वरखाली सरकतं आणि ताणाला निघतं, ती शर्टाच्या बारीक पट्टीला ठीक. कापड जाड असेल तर बटण घट्ट टाचू नका, वर काडेपेटीची काडी ठेवून टाके घाला, मग काडी काढून खालच्या दोऱ्याला वेढे द्या, तेवढा देठ नसला तर बटण लावल्यावर काजाभोवती कापड चिमटल्यासारखं गोळा होतं, लांबूनही कळतं.

बटणं नको, चेन हवी असेल तर वरचं ओलांडणीचं गणितच उडतं. दोन्ही कडा मध्यरेषेवर समोरासमोर येतात, फक्त माया ठेवायची, म्हणजे पुढचा भाग 2-3 सेंमी अरुंद कापायचा. चेन खालून पूर्ण सुटणारी घ्यायची, खाली बंद असलेली नाही, हे सांगायला हास्यास्पद वाटतं पण गडबडीत बंद चेन घरी येते. मांडीपर्यंतच्या जॅकेटला दोन रनरवाली घेतली तर बसताना खालून थोडी उघडता येते. नंबर म्हणजे ढोबळमानाने बंद दातांची रुंदी मिमीमध्ये, मध्यम कापडाला 5 नंबर बरोबर, पातळ कापडाला 3, आणि 8 किंवा 10 जाड लोकरी किंवा लेदरसारख्या कापडालाच. धातूचे दात चमकतात, समोर एक कडक रेघ ओढतात, जॅकेट एकदम रांगडं होतं. नायलॉनच्या गुंडाळीची चेन मऊ असते, कापडाबरोबर वाकते, रंग जुळला तर लपूनही जाते. ठोकळ्यासारखे प्लास्टिकचे दात खेळाच्या कपड्यांचा भास देतात, ते हवं असेल तरच घ्या. लांबी कमी करायची तर वरून, खालची जोडणी कापली की चेन संपली.

चेनचा मोठा त्रास म्हणजे लाट. शिवून झालं, बंद केली, आणि समोरून पोटावर उंटाच्या कुबडासारखी चढ-उतार दिसते. याची कारणं बहुतेक दोनच, शिवताना कापड ताणलं गेलं आणि चेन ताणली गेली नाही, किंवा चेनची पट्टी सुती होती आणि पहिल्या धुण्यात आटली. त्यामुळे तयारीतच चेन धुवून वाळवून घ्या, आणि कापडाच्या कडेला आतून अडीच सेंमी रुंद फ्युजिंगची पट्टी इस्त्रीने चिकटवा, विणलेल्या ताणणाऱ्या कापडाला तर नक्कीच. मग चेन बंद करून दोन्ही पट्ट्यांवर आडव्या खुणा करा: छातीची, कमरेची, खिशाच्या तोंडाची. आता उघडून शिवा आणि कापडावरच्या खुणेला पट्टीवरची खूण जुळवत जा. हे नाही केलं तर एक खिसा दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंमी वर बसतो, आणि चेनच्या सरळ रेघेपुढे तो अर्धा सेंमी लगेच दिसतो.

टॉगल लावणार असाल तर पुन्हा वेगळी ओलांडणी. इथे बटण काजात जात नाही, एका बाजूचा लाकडी दांडा दुसऱ्या बाजूच्या दोरीच्या किंवा चामड्याच्या फासात जातो, आणि फासाला ढिलाई असतेच. म्हणून खाली ओलांडणी 5-6 सेंमी ठेवावी लागते, नाहीतर मधून आतला कपडा दिसतो. आपल्या चार खुणा, 2, 20, 38, 56, इथे तशाच वापरता येतात, फक्त वरची थोडी खाली घ्या, गळ्याला इतका मोठा दांडा हनुवटीला लागतो. टॉगल आडवे असतात हे विसरू नका, चार आडव्या रेषा समोर आल्या की अंग रुंद दिसतं, बारीक माणसाला छान, छाती भरलेली असेल तर तीन पुरे. पातळ कापडावर टॉगल घेऊच नका, वजनाने समोरचा भाग लोंबतो.

खिसे मी मुद्दाम नंतर घेते कारण समोरच्या बटणांची ओळ ठरल्याशिवाय खिशाची जागा ठरवता येत नाही. खिशाचं तोंड एखाद्या बटणाच्या रेषेत आलं की जॅकेट नीट बसल्यासारखं वाटतं. आपलं 47 वालं बटण आहे, कमरेच्या 11 सेंमी खाली, हात सहज जातो तिथे. खिशाची खोली 17 घेतली तर तळ 64 वर आला आणि कडेपर्यंत 6 सेंमी उरले, चांगलंय. अजून खाली सरकवला तर खिसा जॅकेटातून गळून चाललाय असं दिसतं. तोंड तळहाताच्या रुंदीपेक्षा 3 सेंमी जास्त, बहुतेकांना 15 होतं. वरून लावलेला चौकोनी खिसा असेल तर तळ अर्धा-एक सेंमी रुंद ठेवा, सरळ चौकोन अंगावर खाली निमुळता वाटतो.

आता जागा आडवी. मध्यरेषेपासून 7 सेंमीवर खिसा सुरू केला तर 22 वर संपतो आणि बाजूच्या शिलाईला 3 सेंमी राहतात. तोच खिसा शिलाईला चिकटवला की नितंब रुंद दिसतात, आत घेतला की अंग अरुंद. वरून लावलेला खिसा म्हणजे कापडाचा एक थर जास्त, त्यावर फ्लॅप दिला की अजून दोन-तीन, जाड कापडात तिथे सरळ फुगवटा येतो. नितंबावर फुगवटा नको असेल तर बोन पॉकेट, बाहेर नुसती बारीक चीर दिसते. पण त्यासाठी अंगातलं कापड चिरावं लागतं, चुकलं तर जागा बदलता येत नाही, म्हणून आधी तुकड्यावर एक करून बघा आणि खऱ्या कापडाला मागून फ्युजिंग लावल्याशिवाय कात्री घालू नका. बाजूच्या शिलाईतला खिसा दिसतच नाही, सैल जॅकेटाला उत्तम, घट्ट असेल तर तोंड वासून उभा राहतो.

हे सगळं अंगावर बघायचं सोपं: जुन्या चादरीचं कच्चं जॅकेट घाला, कागदाचे खिसे कापून पिनने लावा, बटणांच्या जागी त्याच आकाराचे कागदी गोल. दोन मीटर लांबून फोटो काढा, उभं राहून एक, खुर्चीत बसून एक. आरशात आपण खिशाकडेच बघत राहतो, फोटोत पूर्ण आकृती दिसते. बसलेल्या फोटोत चेनच्या जागी फुगा आला किंवा शेवटचं बटण ताणलं गेलं तर ते आत्ताच कळतं.

हुकाचं थोडक्यात. गळ्याशी चेनच्या वर किंवा कॉलरच्या टोकाला, जिथे दिसायला काही नको पण कडा भिडायला हव्यात, तिथे हुक आणि त्याची कडी. हुक कडेपासून 2-3 मिमी आत टाचा, अगदी कडेवर टाचला तर तो डोकावतो. आणि हुक ताण असेल तोवरच टिकतो, ढगळ जॅकेटला समोरून नुसते हुक लावले तर वाकलं की ते आपोआप सुटतात, तिथे टिचबटणच लावा.