प्रकाशकाला छपाईची चूक कळवताना या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बघून प्रकाशकाला पत्र लिहू नका, आधी छापील पान हातात घ्या. राजारामपुरीत क्लास घेतो, तिथल्या एका मुलानं गणिताचा फोटो पाठवला होता: शिडी ७.५ मीटर, तिचा पाय भिंतीपासून ४५ मीटर, तर शिडी किती उंचीवर टेकेल? ती भिंतीला लागणारच नाही, म्हणून मी त्याच रात्री पत्र लिहून टाकलं. आठवड्यानं प्रकाशकांकडून त्या पानाची झेरॉक्स आली. त्यात ४.५ स्वच्छ छापलेलं होतं आणि उत्तर बरोबर ६ मीटर येत होतं. शिवणीजवळ पान वळलेलं, त्यात फोटो चार ग्रुपांतून फिरलेला. टिंब तिथंच गेलं. तेव्हापासून पोरांना सांगतो, फोटो नको, पुस्तक घेऊन ये.

दुसरी चूक त्याहून जास्त दिसते: ‘उत्तर जुळत नाही, तपासा’ एवढंच लिहून मोकळं होणं. तपासायचं काम तुमचंही आहे. अलीकडे एका पुस्तकात त्रिकोणाच्या बाजू ७, १५ आणि २४ सेमी दिल्या होत्या, क्षेत्रफळ विचारलं होतं, आणि उत्तरसूचीत ८४ चौसेमी. ७ आणि १५ची बेरीज २२, म्हणजे २४पेक्षा कमी. असा त्रिकोण होतच नाही. हेरॉनच्या सूत्रात वर्गमुळाखाली ऋण संख्या येते.

मग एकेक संख्या चुकीची धरून बघितली. २४ चुकली म्हणावं, तर ७ आणि १५ बाजूंचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त ५२.५ होतं, ८४ गाठत नाही. ७ चुकली म्हणावं, तर ८४ येण्यासाठी तिथं पूर्ण संख्या बसत नाही. १५च्या जागी मात्र २५ घातले की ७, २४, २५ हा काटकोन त्रिकोण होतो आणि क्षेत्रफळ नेमकं ८४. दुसरी कुठलीही संख्या तिथं चालत नाही, कारण ७ आणि २४ बाजूंचं ८४ हे सर्वांत मोठं क्षेत्रफळ आहे आणि ते त्यांच्यातला कोन काटकोन असतानाच मिळतं.

पत्रात मी एवढंच लिहिलं:

‘दिलेल्या बाजूंचा त्रिकोण तयार होत नाही. १५ऐवजी २५ घेतल्यास उत्तरसूचीतलं ८४ येतं. ही छपाईची चूक असावी. कृपया मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहावं.’

‘असावी’ हा शब्द गाळू नका. हस्तलिखित त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष लिहायचं विसरू नका, पुढच्या छपाईत दुरुस्ती आधीच झालेली असू शकते. पान आणि प्रश्न क्रमांक अर्थातच. फोटो जोडायचा तर पूर्ण पानाचा, आणि सोबत उत्तरसूचीच्या पानाचाही. कापलेल्या फोटोवरून त्यांना कुठलं पान तेही कळत नाही.