वाव मोजायला जाताना

पाय काढलेल्या माणसाची उंची हातावरून काढायला जायचं असेल, तर तयारी आदल्या संध्याकाळच्या फोनपासून सुरू होते. एक पाय धड आहे का आणि आधार धरून त्यावर सरळ उभं राहता येतं का, हे आधी विचारायचं. येत असेल तर त्याच पायावर भिंतीशी उंची घ्यायची, हाताच्या भानगडीत पडायचं कारण नाही. जयपूर फूट घालून घेतलेली उंची मात्र धरायची नाही. दोन्ही पाय कृत्रिम असतील तर तोल सांभाळायला ते मुद्दाम थोडे आखूड ठेवतात, म्हणजे उंची ठरवणारा माणूस पाय बनवणारा असतो.

मग हातांची चौकशी. खांदा आखडलाय का, कोपर पूर्ण सरळ होतं का, हाताचं हाड कधी मोडलं होतं का. साखरेच्या पेशंटमध्ये खांदा धरणं नेहमीचंच. गेल्या महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका मामांकडे गेले होते. वय 62, डावा पाय गुडघ्याखाली काढलेला, उजव्या टाचेला जखम. फोनवर म्हणाले, "हात धडधाकट आहेत की!" घरी गेल्यावर उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंतही उचलेना. तरी काम अडलं नाही, कारण अर्ध्या वावेवर भागतं.

वाव म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर. विहिरीचा दोर मोजायला आपल्याकडे हेच माप होतं. मोठ्या माणसाची वाव साधारण त्याच्या उंचीइतकी भरते, चार-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे. वयानं पाठ वाकली तरी वाव आखडत नाही, म्हणून तिच्यावरून तरुणपणची उंची कळते.

पिशवीत हार्डवेअरच्या दुकानातली स्टीलची टेप टाकायची. शिलाईची टेप 150 सेंटीमीटरला संपते आणि वापरून ताणलेली असते. सोबत पेन्सिल, चिकटपट्टी आणि हात धरायला घरातलं एक माणूस. खुर्ची बिनहातांची हवी आणि ती भिंतीला टेकवायची. हात खांद्याच्या रेषेत, तळवा समोर. गळ्याखालच्या हाडाच्या खाचेच्या मध्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. गफलत इथेच होते. दुसऱ्या एका पद्धतीत माप मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यापर्यंतच घेतात आणि त्याचं सूत्र वेगळं आहे. ते माप दुप्पट केलं तर माणूस बराच खुजा होतो. मामांचा डावा हात 83.5 भरला, म्हणजे उंची 167.

कोपराचं माप पडताळणीपुरतं घ्यायचं. डावा हात छातीवर आडवा, बोटं उजव्या खांद्याकडे. कोपराच्या टोकापासून मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. 'साडेतीन हात देह' म्हणतात त्यातला हात बोटांच्या टोकापर्यंतचा, हा मनगटाशीच थांबतो. 65 च्या आतल्या पुरुषासाठी सूत्र असं:

```
उंची (सेंमी) = 79.2 + 3.60 × माप (सेंमी)
```

बाईसाठी आणि 65 च्या पुढच्यांसाठी आकडे वेगळे आहेत, ते कागदावर उतरवून न्यायचे. मामांचं माप 25.5, म्हणून उंची 171.

चार सेंटीमीटरचा फरक पडला. मी वावेचा आकडा धरला. हे सूत्र ब्रिटनमधल्या माणसांवरून बसवलेलं आहे आणि आशियाई बांध्याला ते उंची जास्त दाखवतं. शिवाय कोपराशी एक सेंटीमीटर चुकलं तर उंचीत साडेतीन चुकतात, अर्ध्या वावेत दोनच. एकदा टेप मनगटाच्या उंचवट्यावरून घसरली की हिशेब गेला. म्हणून दोन्ही मापं दोनदा घ्यायची, अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. जुना भरतीचा कागद आहे का, हेही विचारायचं. मामांच्या पत्र्याच्या पेटीत तरुणपणीच्या पोलीस भरतीची चिठ्ठी निघाली, उंची 166. "नापास झालो, पण चिठ्ठी ठेवलीया बघा!"

वजनाशिवाय या उंचीचा उपयोग नाही. कृत्रिम पाय उतरवून, गल्लीतल्या धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर खुर्चीसकट वजन केलं आणि खुर्चीचं वजा केलं, तर 58 किलो भरलं. गुडघ्याखालचा पाय शरीराच्या सुमारे 5.9 टक्के धरतात, म्हणून 58 ला 0.941 ने भागलं, 61.6 आले. 1.67 मीटर उंचीवर बीएमआय 22.1 येतो. वजन न सुधारता काढला असता तर 20.8 आला असता आणि मामा आहेत त्याहून बारीक दिसले असते.

निघण्याआधी कागदावर 'उंची 167, अंदाजे, डाव्या अर्ध्या वावेवरून' असं पूर्ण लिहायचं. नुसतं 167 लिहिलं तर पुढच्या खेपेला येणारा कोपरावरून 171 काढेल आणि मामा चार सेंटीमीटर वाढलेले दिसतील.