किरायाच्या घरात भिंत रंगवायची आहे? आधी जुन्या रंगाचा नंबर शोधा

"घरमालकाला फोनवर विचारून घ्या, झालं" असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये मी तेच केलं होतं. काका म्हणाले, "लावा की, फक्त जाताना पहिल्यासारखं करून द्या." हॉलची एक भिंत मोरपंखी केली. घर सोडताना दुकानातून ऑफ व्हाईटचा डबा आणून तिच्यावर मारला. सकाळच्या उन्हात पाहिलं तर ती भिंत निळसर पांढरी आणि बाकीच्या तीन पिवळट. काकांनी अख्खा हॉल रंगवून घेतला आणि खर्च डिपॉझिटमधून कापला. मला फार लागलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. "पहिल्यासारखं" म्हणजे नेमकं काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

१. भिंत निवडा. कूलर बसवलेल्या खिडकीची भिंत घेऊ नका. चार महिने ओल खाऊन तिथे पोपडे येतात, आणि मग ते तुमच्या रंगामुळे आले असं ठरतं.

२. जुना रंग ओळखा. हे काम परवानगी मागण्याआधी करायचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

आधी ओला हात भिंतीवर घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर भिंतीवर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. त्यावर थेट प्लास्टिक इमल्शन मारलं की वर्षभरात पापुद्रे सुटतात. अशी भिंत खरवडून प्राइमर मारावा लागतो, आणि तेवढी खटपट किरायाच्या घरात मी करणार नाही. हात स्वच्छ राहिला तर पुढे जा.

मग शेडचा नंबर. मालकांना विचारा, "मागच्या रंगाचा उरलेला डबा माळ्यावर आहे का?" मशीनवर बनवलेल्या रंगाच्या डब्यावर स्टिकर असतं. त्यावरचा शेड कोड आणि रंगाचा प्रकार, दोन्हींचा फोटो घ्या. एकच कोड वेगळ्या प्रकारच्या रंगात घेतला तर चमक वेगळी येते आणि भिंत वेगळी दिसते. "क्रीम", "ऑफ व्हाईट" ही नावं निरुपयोगी आहेत, कारण प्रत्येक कंपनीच्या शेडकार्डावर तसे कितीतरी पांढरे असतात.

डबा नसेल तर मालकांना सांगून स्विचबोर्डच्या प्लेटमागून, मेन स्विच बंद करून, रुपयाएवढा पापुद्रा काढा. तो दुकानात शेडकार्डाशी दिवसाच्या उजेडात जुळवा, ट्यूबलाइटखाली नाही. त्या शेडचा छोटा डबा आणून दाराआडच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ठिपका द्या. ओला रंग फसवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पाहून ठरवा.

३. लेखी परवानगी. अकरा महिन्यांच्या करारात सहसा रंगाबद्दल ओळ नसते. नवा करार होणार असेल तर त्यातच टाका, नाहीतर मेसेज पाठवा:

"काका, नमस्कार. हॉलची पूर्वेकडची एकच भिंत मला मोरपंखी रंगवायची आहे, खर्च माझा. घर सोडताना तीच भिंत सोबतच्या फोटोतल्या कोडच्या इमल्शनने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवून देईन. बाकीच्या भिंतींचा नेहमीच्या वापराने उतरलेला रंग यात धरू नये. चालेल का?"

बाकीच्या भिंतींबद्दलची ओळ गाळू नका. ती नसली की एका भिंतीच्या बदल्यात पूर्ण घराचा रंग मागितला जातो. "हो" लेखी येईपर्यंत डबा उघडू नका. रंग देण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढून त्याच मेसेजखाली पाठवा.

४. रंगवा. छताच्या आणि बाजूच्या कडांना मास्किंग टेप लावा.

५. परत पांढरी करा. घर सोडायच्या आठ दिवस आधी. खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा. गडद रंगावर थेट पांढरा मारू नका, तीन हात दिले तरी खालचा रंग डोकावतो. आधी प्राइमरचा एक हात, मग इमल्शनचे दोन. बारा बाय दहाच्या भिंतीला इमल्शन साधारण दीड लिटर लागतं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी रंगवू नका, रोलरचा एक पट्टा वाळल्यावर दुसरा त्यावर चढतो आणि जोड दिसतात. पहाटे सुरू करून दहापर्यंत आटपा. पावसाळ्यात उलट, दोन हातांमध्ये अख्खा दिवस जाऊ द्या.

ठिगळ कधीच लावू नका. कोड तोच असला तरी जुना रंग पिवळलेला असतो, आणि भिंतीच्या मधोमध तो फरक लगेच कळतो. कोपऱ्यावर दोन भिंतींवर उजेड वेगवेगळा पडतो, म्हणून तिथे तो खपून जातो.

६. मालकांना दिवसा बोलवा. सामान हलवण्याआधीच. त्यांनी काही दाखवलं तर रोलर अजून तुमच्या हाताशी असतो. भिंत पसंत पडली की त्याच मेसेजखाली "भिंत ठीक आहे" एवढं लिहून घ्या आणि मग किल्ल्या द्या.