कॅनव्हात बॅकग्राउंड एकदाच बनवा, दर आठवड्याला नुसता मजकूर बदला

माझ्या वहिनीची डब्यांची सर्व्हिस आहे, दर रविवारी आठवड्याचा मेनू इन्स्टावर टाकायचा असतो. आधी ती मागच्या आठवड्याची पोस्ट उघडून त्यातच खोडाखोड करायची, मग कधी लोगो सरकायचा, कधी पट्टीचा हिरवा रंग वेगळाच यायचा.

आता असं केलंय. 1080 x 1350 साइझचं डिझाइन घेतलं, त्यात फक्त न बदलणाऱ्या गोष्टी ठेवल्या, म्हणजे रंग, वरची पट्टी, कोपऱ्यात लोगो, खाली फोन नंबर, आणि मधला भाग मेनूसाठी अगदी साधा, एकाच फिक्या रंगाचा, कारण तिथे नक्षी टाकली की अक्षरं वाचताच येत नाहीत. हे PNG म्हणून डाउनलोड करून परत कॅनव्हात अपलोड केलं, नवीन पानावर टाकलं आणि राइट क्लिक करून `Set image as background` दिलं. आता सगळं मिळून एकच चित्र झालंय, त्यामुळे घाईत बोट लागलं तरी लोगो एकटा हलत नाही.

त्यावर मेनूचा टेक्स्ट बॉक्स एकदाच नीट बसवला. दर रविवारी `Duplicate page` करायचं आणि सोमवार ते शनिवारच्या भाज्या बदलायच्या, पाच मिनिटांत काम होतं.

मूळ डिझाइन मात्र अजिबात डिलीट करू नका, नंबर बदलला तर PNG मध्ये खोडता येत नाही, मूळ फाइलमध्येच बदलून नवं PNG काढावं लागतं. आणि लोगो अगदी कडेला नको, इन्स्टाच्या प्रोफाइल ग्रिडमध्ये दोन्ही बाजूंनी थोडं कापलं जातं.