लांबलचक काम स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाला भाषांतर, ट्रान्सक्रिएशन आणि सारांश यांतला फरक कसा समजावून सांगावा

समजा, ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने आपली इंग्रजी पुस्तिका, सुमारे तीस हजार शब्दांची, तुमच्याकडे पाठवली आहे आणि सोबत लिहिले आहे, की ‘शब्दशः नको, थोडक्यात असू द्या, पण काही सुटायला नको.’ या एका वाक्यात तीन वेगळी कामे मागितली आहेत, हे ग्राहकाच्या लक्षात आलेले नसते. त्यामुळे दर सांगण्याची घाई करू नये.

आधी पूर्ण फाइल मागवून घ्यावी आणि पुस्तिका कोण वाचणार, वाचून काय करणार, हे विचारावे. त्यानंतर व्याख्या सांगत बसण्यापेक्षा त्याच पुस्तिकेतले नमुने करून दाखवावेत. ‘फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास पंप बंद करून जाळी धुवावी’ या सूचनेचे भाषांतरच व्हायला हवे, कारण त्यातला पंप बंद करण्याचा भाग गाळला तर एखाद्याचा हात दाबाखालच्या फिल्टरवर जाईल. मुखपृष्ठावरच्या ‘वॉटर लेस, ग्रो मोर’ या घोषवाक्याचे मात्र ‘पाणी कमी द्या, जास्त पिकवा’ असे भाषांतर केले, तर शेतकरी तो सल्ला समजून ऐन उन्हाळ्यात पाणी तोडेल. तिथे ‘पाणी बेतात, पीक जोमात’ असे नव्याने लिहावे लागते, आणि हेच ट्रान्सक्रिएशन. विक्रेत्यांना देखभालीचे सगळे प्रकरण एका पानात हवे असेल, तर तो सारांश. त्यात काय गाळायचे याचा निर्णय लेखी मंजूर करून घ्यावा, नाहीतर गाळलेला मजकूर पुढे तुमची चूक ठरतो.

मग फाइलवर तीन रंगांनी खुणा करून ती ग्राहकाकडे परत पाठवावी. हमीच्या अटी आणि धोक्याच्या सूचना सारांशाच्या रंगात जाऊ देऊ नयेत, ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी.

दर याच खुणांवरून ठरवावेत. भाषांतराचा दर मूळ इंग्रजी शब्दांवर लावावा. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने मराठी शब्दसंख्या बहुधा कमी भरते आणि तिच्यावर हिशेब केल्यास तुमचेच नुकसान होते. घोषवाक्याला शब्दांचा दर लावणे हास्यास्पद आहे. तिथे ठोक रक्कम, दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचा अर्थ सांगणारी टीप आणि फेरबदलाच्या किती फेऱ्या, हे ठरवून घ्यावे. सारांश आकाराने लहान असला तरी मूळ मजकूर सगळा वाचावा लागतो, म्हणून वाचनाचा मोबदला वेगळा मांडावा.

हे सारे एका ईमेलमध्ये लिहून ग्राहकाची लेखी संमती येईपर्यंत काम सुरू करू नये. खुणांबद्दल उत्तर न देता ‘तुम्हीच बघा’ असे कळवणाऱ्या ग्राहकाकडून फक्त पहिले प्रकरण घ्यावे आणि ते मंजूर झाल्यावर पुढचे.