क्लेम 'आधीचा आजार' म्हणून नाकारला? आधी डिस्चार्ज कार्ड वाचा

म्हापशाच्या आमच्या मावशीची पॉलिसी मार्च 2023 ची. ऑगस्ट 2025 मध्ये ती इस्पितळात होती. क्लेम नाकारला, कारण डिस्चार्ज कार्डावर 'रक्तदाब चार वर्षांपासून' असं लिहिलेलं. खरं तर गोळी सुरू होऊन चारच महिने झाले होते. भरती करताना कुणीतरी घाईत लिहिलेला तो एक शब्द!

आम्ही असं केलं:

1. नकारपत्रात कुठल्या कागदाचा आणि कलमाचा आधार घेतलाय ते पाहिलं. नसेल तर लेखी मागा.
2. फॅमिली डॉक्टरांची पहिली चिठ्ठी शोधली. तारीख एप्रिल 2025.
3. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वेगळा दाखला घेतला: 'चार महिने असं वाचावं'.
4. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र: "पॉलिसी घेण्यापूर्वी या आजाराचं निदान वा उपचार झालेले नाहीत. पुरावे सोबत. क्लेमचा फेरविचार करावा." पोच जपून ठेवली.

महिन्याभरात उत्तर नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

मूळ कार्डावर मात्र खाडाखोड करून घेऊ नका. त्यावरूनच फसवणुकीचा संशय घेतात.